चार ओळींच्या नोट्स आणि मामांचं रजिस्टर: नॉर्मलायझेशनचा धडा एका पानावर आणताना

बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला मी डीबीएमएस शिकवते. सराव परीक्षेत दहा मार्कांचा एक प्रश्न होता: दिलेलं टेबल बीसीएनएफपर्यंत न्या. म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा लिहावी लागू नये म्हणून टेबल पायरीपायरीने तोडत न्यायचं, आणि बीसीएनएफ ही तिसऱ्या नॉर्मल फॉर्मनंतरची पायरी. एका विद्यार्थिनीला त्यात चारच मार्क पडले. उत्तरपत्रिका आणि वही घेऊन ती माझ्याकडे आली. "मॅडम, नियम तर सगळे बरोबर लिहिलेत. मग मार्क कुठे गेले?"

तिची वही मी पाहिली. पुस्तकातला चाळीसेक पानांचा धडा तिने चार ओळींत बसवला होता:

१. पहिला नॉर्मल फॉर्म: एका सेलमध्ये एकच व्हॅल्यू.
२. दुसरा: पार्शल डिपेंडन्सी नको.
३. तिसरा: ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी नको.
४. बीसीएनएफ: तिसऱ्यापेक्षा कडक.

पहिल्या तीन ओळी चुकीच्या नव्हत्या. पण टेबल समोर आलं की हात कुठे घालायचा हे त्यांतली एकही ओळ सांगत नव्हती. "पार्शल" म्हणजे कशाचा भाग? टेबलला दोन की निघाल्या तर कुठल्या कीचा? तोडायचं ठरलं तर कुठला कॉलम जातो आणि कुठला राहतो? चौथ्या ओळीत तर नियमच नव्हता. परीक्षेत तिचे मार्क नेमके इथेच गेले होते. कॉलेजची माहिती तिने वेगळ्या टेबलात काढली ते बरोबर होतं, पण विद्यार्थ्याच्या टेबलातून कॉलेजचा कोडही काढून टाकला. आता कुठला विद्यार्थी कुठल्या कॉलेजचा, हे त्या दोन टेबलांवरून कुणालाच सांगता येणार नव्हतं.

धडा पुन्हा वाचून काढायला सांगण्यात अर्थ नव्हता, तिने तो तीनदा वाचला होता. एकच टेबल शेवटपर्यंत न्यायचं आणि प्रत्येक पायरीला नियम तिने स्वतःच्या शब्दांत लिहायचा, असं आम्ही ठरवलं. तिच्या मामांचा शिकवणीचा वर्ग आहे आणि नोंदणीचं रजिस्टर ते एक्सेलमध्ये ठेवतात. त्यातल्या तीन ओळी आम्ही नावं बदलून घेतल्या.

| विक्र | नाव | कॉलेज कोड | कॉलेजचं गाव | विषय (फी, शिक्षक) |
|---|---|---|---|---|
| १०१ | सई | क१ | सासवड | गणित (४०००, श१), भौतिक (३५००, श३) |
| १०२ | ओंकार | क२ | जेजुरी | गणित (४०००, श२) |
| १०३ | फरीदा | क१ | सासवड | भौतिक (३५००, श३), रसायन (३५००, श४) |

विक्र म्हणजे विद्यार्थी क्रमांक. शिक्षकांची नावं न घेता आम्ही श१, श२ असे कोड दिले.

नियमांच्या आधीची ओळ

टेबल पाहताच ती तोडायला निघाली. मी थांबवलं आणि आधी फंक्शनल डिपेंडन्सी लिहायला सांगितल्या, म्हणजे कशावरून काय नक्की ठरतं ते. तिने रजिस्टरकडे पाहत भराभर लिहिलं, आणि त्यात एक ओळ होती: गाव → कॉलेज कोड. तीन ओळींच्या त्या टेबलात हे खरंच दिसत होतं. जिथे सासवड आहे तिथे क१ आहे.

"सासवडला दुसरं कॉलेज निघालं तर?" मी विचारलं. "निघालं तर मग नाही," ती म्हणाली. "मग हे डेटावरून ठरत नाही. मामांना विचारून ये."

धड्यात हे एका वाक्यात येऊन जातं आणि नोट्स काढताना पहिल्यांदा तेच गळतं. डिपेंडन्सी हा व्यवहाराचा नियम असतो, आज टेबलात योगायोगाने काय दिसतंय त्याच्याशी तिचा संबंध नाही. डेटा फक्त एखादी डिपेंडन्सी खोटी पाडू शकतो, खरी ठरवू शकत नाही. खोटी पाडायची असेल तर एक छोटी क्वेरी पुरते:

```sql
SELECT gaav
FROM register
GROUP BY gaav
HAVING COUNT(DISTINCT college_kod) > 1;
```

उत्तरात एखादं गाव आलं, तर गावावरून कोड ठरत नाही हे नक्की. काहीच आलं नाही, तर इतकंच कळतं की अजून तसं उदाहरण नोंदलं गेलेलं नाही.

मामांना विचारायला ती तीन प्रश्न घेऊन गेली आणि तिन्हींची उत्तरं उपयोगी पडली. सासवडच्या दोन कॉलेजांतून मुलं येतात, म्हणून गावावरून कोड ठरत नाही. एक शिक्षक एकच विषय शिकवतो, पण गणिताला शिक्षक दोन आहेत आणि मुलाला त्यांपैकी एकच मिळतो. फी त्या वर्षापुरती सगळ्यांना सारखी असते आणि रजिस्टर दर वर्षी नवं करतात. हे शेवटचं उत्तर फार महत्त्वाचं. दोन वर्षांची रजिस्टरं एकत्र केली असती तर विषयावरून फी ठरलीच नसती, विषय आणि वर्ष मिळून ठरली असती. पुढची सगळी तोडणी बदलली असती.

मग यादी अशी झाली:

विक्र → नाव, कॉलेज कोड
कॉलेज कोड → गाव
विषय → फी
(विक्र, विषय) → शिक्षक
शिक्षक → विषय

आता की शोधायची, म्हणजे ज्यांवरून सगळी ओळ ठरते असे कमीत कमी कॉलम. माझी रीत साधी आहे. बाणाच्या उजवीकडे जो कॉलम एकदाही येत नाही, तो दुसऱ्या कशावरूनच मिळत नाही, म्हणून तो प्रत्येक कीमध्ये हवाच. इथे तसा एकच आहे: विक्र. एकट्या विक्रवरून नाव, कोड आणि कोडवरून गाव मिळतं, पुढे गाडी अडते. जोडीला विषय घेतला की फी मिळते, शिक्षक मिळतो, सगळं टेबल हाती येतं. विषयाऐवजी शिक्षक घेतला तरी चालतं, कारण शिक्षकावरून विषय कळतो आणि विषयावरून फी. म्हणजे कँडिडेट की दोन निघाल्या: (विक्र, विषय) आणि (विक्र, शिक्षक). ही दुसरी की तिला परीक्षेतल्या टेबलात दिसलीच नव्हती, कारण एक सापडल्यावर तिने शोध थांबवला होता.

पानाच्या वरच्या कोपऱ्यात तिने लिहिलं: "आधी बाण, मग सगळ्या की. टेबल बघून बाण काढायचे नाहीत, विचारून काढायचे." परीक्षेत विचारायला मामा नसतात. तिथे प्रश्नातली वाक्यं हेच मामांचं उत्तर, म्हणून टेबलाखालच्या वाक्यांवर आधी पेन्सिलने बाण काढायचे.

पहिला आणि दुसरा

पहिल्या नॉर्मल फॉर्मवर फार वेळ गेला नाही. एका सेलमध्ये दोन विषय कोंबले होते, ते वेगळ्या ओळींत आले.

| विक्र | नाव | कॉलेज कोड | गाव | विषय | फी | शिक्षक |
|---|---|---|---|---|---|---|
| १०१ | सई | क१ | सासवड | गणित | ४००० | श१ |
| १०१ | सई | क१ | सासवड | भौतिक | ३५०० | श३ |
| १०२ | ओंकार | क२ | जेजुरी | गणित | ४००० | श२ |
| १०३ | फरीदा | क१ | सासवड | भौतिक | ३५०० | श३ |
| १०३ | फरीदा | क१ | सासवड | रसायन | ३५०० | श४ |

इथे मुलं एक पळवाट काढतात: विषय१, विषय२, विषय३ असे कॉलम. प्रत्येक सेलमध्ये एकच व्हॅल्यू, म्हणजे तिच्या जुन्या ओळीप्रमाणे सगळं ठीक. पण चौथा विषय घेणारा मुलगा आला की टेबलच बदलावं लागतं, आणि "भौतिक कुणी घेतलंय" हे शोधायला तीन कॉलम धुंडाळावे लागतात. म्हणून तिने नियम असा लिहिला: "एका सेलमध्ये एकच, आणि एकाच गोष्टीचे नंबर घातलेले कॉलम नकोत. जास्तीचं असेल ते नव्या ओळीत."

ओळी वाढल्या तशी पुनरुक्तीही वाढली, आणि ती वाढलेली दिसली हे बरंच झालं. भौतिकची फी बदलली तर दोन ओळी दुरुस्त कराव्या लागतील, एक राहिली तर एकाच विषयाच्या दोन फी. जीवशास्त्र सुरू करायचं ठरलं, फीही ठरली, पण अजून एकही मुलगा नाही, तर ती फी लिहायला जागा नाही, कारण विक्र हा प्रायमरी कीचा भाग आहे आणि तो रिकामा ठेवता येत नाही. फरीदाने रसायन सोडलं आणि ती ओळ पुसली, तर रसायनची फी किती होती हेही पुसलं जातं. धड्यात यांना अपडेट, इन्सर्ट आणि डिलीट अ‍ॅनोमली म्हणतात. तिने व्याख्या पाठ केल्या होत्या, पण स्वतःच्या टेबलात तिन्ही पहिल्यांदाच पाहिल्या.

आता दुसरा फॉर्म. कीमध्ये दोन कॉलम आहेत, मग कीबाहेरचा एखादा कॉलम त्यांतल्या एकावरूनच ठरतो का? ठरतो. नाव, कोड, गाव एकट्या विक्रवरून ठरतात आणि फी एकट्या विषयावरून. ते बाहेर काढायचे.

विद्यार्थी (विक्र, नाव, कॉलेज कोड, गाव)
विषय (विषय, फी)
नोंद (विक्र, विषय, शिक्षक)

तोडायची रीत तिने इथे लिहून घेतली, आणि पानावरचं सगळ्यात कामाचं वाक्य हेच असं मला वाटतं: "बाणाची उजवी बाजू घर सोडते. डावी बाजू नव्या घरात की होते आणि जुन्या घरातही राहते." विक्र दोन्ही टेबलांत आहे, विषयही दोन्हींत आहे, म्हणूनच ती टेबलं पुन्हा जोडली की पहिलं टेबल जसंच्या तसं परत येतं, एक ओळ कमी नाही की जास्त नाही. परीक्षेत कॉलेज कोड पुसून तिने हाच दुवा तोडला होता.

दुसऱ्या फॉर्मच्या नियमात तिने आधी "प्रायमरी कीचा भाग" लिहिलं होतं. मी "प्रायमरी" खोडून "कुठल्याही कँडिडेट कीचा भाग" करायला लावलं. प्रायमरी की आपण सोयीने निवडतो. नियम आपल्या निवडीवर टांगून ठेवता येत नाही. समजा रजिस्टरमध्ये शिक्षकाचा खोली क्रमांकही असता. (विक्र, विषय) एवढीच की धरणारा म्हणेल, खोली शिक्षकावरून ठरते आणि शिक्षक कीबाहेरचा, म्हणजे हा तिसऱ्या फॉर्मचा दोष. पण शिक्षक दुसऱ्या कँडिडेट कीचा भाग आहे, म्हणून दोष दुसऱ्याच फॉर्मला सापडायला हवा. शेवटची तोडणी बहुतेक वेळा तीच निघते, पण "हे टेबल कुठल्या नॉर्मल फॉर्ममध्ये आहे" असा दोन मार्कांचा प्रश्न आला की उत्तर चुकतं.

तिसरा

विद्यार्थी टेबलची की एकाच कॉलमची आहे, म्हणून कीच्या भागाचा प्रश्न तिथे येत नाही. तरीही क१ आणि सासवड ही जोडी सईच्या ओळीत आहे आणि फरीदाच्याही. विक्रवरून कोड ठरतो आणि कोडवरून गाव. गाव ही विद्यार्थ्याबद्दलची माहितीच नाही, ती कॉलेजबद्दलची आहे आणि विद्यार्थ्याच्या घरी पाहुणी आली आहे.

विद्यार्थी (विक्र, नाव, कॉलेज कोड)
कॉलेज (कॉलेज कोड, गाव)

तिचा नियम: "कीबाहेरचा कॉलम कीबाहेरच्याच दुसऱ्या कॉलमवरून ठरत असेल, तर त्या दोघांचं वेगळं टेबल. डावा कॉलम जुन्या टेबलातही ठेवायचा." शेवटच्या वाक्याखाली तिने दोनदा रेघ मारली.

एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल १९७० साली मांडलं, आयबीएममध्ये काम करत असताना. दुसरा आणि तिसरा फॉर्म त्यांनी लगेच पुढच्या वर्षी दिला. तिसरा फॉर्म आला की काम संपलं, असं तेव्हा वाटलं असेल. पण एक फट राहिली होती. ती बुजवणारा फॉर्म रेमंड बॉइस आणि कॉड यांनी १९७४ मध्ये मांडला आणि त्याला दोघांची नावं मिळाली: बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म, म्हणजेच बीसीएनएफ. आमच्या नोंद टेबलात नेमकी तीच फट होती.

जिथे "तिसऱ्यापेक्षा कडक" पुरत नाही

| विक्र | विषय | शिक्षक |
|---|---|---|
| १०१ | गणित | श१ |
| १०१ | भौतिक | श३ |
| १०२ | गणित | श२ |
| १०३ | भौतिक | श३ |
| १०३ | रसायन | श४ |

"हे तिसऱ्या फॉर्ममध्ये आहे का?" मी विचारलं. तिने नियम लावला. कँडिडेट की (विक्र, विषय) आणि (विक्र, शिक्षक), म्हणजे तिन्ही कॉलम कुठल्या ना कुठल्या कीचे भाग. कीबाहेरचा कॉलम एकही नाही. तिसऱ्या फॉर्मचा नियम बोलतो कीबाहेरच्या कॉलमांबद्दल, म्हणून टेबल पास. पण "श३ भौतिक शिकवतात" ही गोष्ट दोन ओळींत लिहिली गेली आहे, आणि नवे शिक्षक रुजू झाले तर पहिला मुलगा येईपर्यंत त्यांचा विषय नोंदता येत नाही. तोच जुना आजार, तिसऱ्या फॉर्मच्या नजरेतून सुटलेला.

बीसीएनएफचा नियम खरं तर सगळ्यांत सोपा आहे. उजवीकडे काय आहे ते तो बघतच नाही. प्रत्येक बाणाच्या डावीकडे जे आहे, त्यावरून सगळी ओळ ठरली पाहिजे. शिक्षक → विषय या बाणाच्या डावीकडे शिक्षक आहे. श३ म्हटलं की ओळ ठरते का? नाही, श३ च्या दोन ओळी आहेत. म्हणून नापास. तिने "तिसऱ्यापेक्षा कडक" खोडलं आणि लिहिलं: "प्रत्येक बाणाच्या शेपटीला की हवी."

रीतीप्रमाणे तोडलं:

शिक्षक (शिक्षक, विषय)
नोंद (विक्र, शिक्षक)

ती खूश झाली, पण मी वही मिटू दिली नाही. "ओंकारच्या नावावर श२ आहेत. आता नोंदमध्ये १०२ आणि श१ ही ओळही घाल बघू." तिने घातली. (१०२, श१) आणि (१०२, श२), दोन्ही ओळी वेगळ्या, की मोडत नाही, डेटाबेस काही बोलणार नाही. पण श१ आणि श२ दोघेही गणिताचे! एका मुलाला एका विषयाला एकच शिक्षक, हा मामांचा नियम मोडला आणि कुठल्याच एका टेबलात तो दिसला नाही. जोडून फी काढली तर ओंकारला गणिताचे आठ हजार लागतील.

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे (विक्र, विषय) → शिक्षक हा बाण दोन टेबलांत फाटला."

अगदी तेच. बीसीएनएफची तोडणी माहिती हरवू देत नाही, जोडल्यावर मूळ ओळी परत मिळतात. पण प्रत्येक डिपेंडन्सी एकाच टेबलात तपासता येईल याची हमी ती देत नाही. तिसऱ्या फॉर्मपर्यंत ही हमी नेहमी मिळवता येते. बीसीएनएफला काही टेबलांत ती सोडावी लागते, आणि (विक्र, विषय, शिक्षक) हा त्याचा ठरलेला नमुना. हा भाग धड्याच्या शेवटी येतो आणि परीक्षेच्या घाईत बहुतेक जण गाळतात.

मामांच्या रजिस्टरसाठी आम्ही काय केलं? नोंद टेबल तिसऱ्या फॉर्मवरच ठेवलं, विषयाचा कॉलम त्यात राहू दिला, आणि पुनरुक्ती चुकीची होऊ नये म्हणून दोन कॉलमांची फॉरेन की लावली:

```sql
CREATE TABLE shikshak (
  shikshak_id CHAR(4) PRIMARY KEY,
  vishay_id   CHAR(4) NOT NULL,
  UNIQUE (shikshak_id, vishay_id)
);

CREATE TABLE nond (
  vid         INT,
  vishay_id   CHAR(4),
  shikshak_id CHAR(4) NOT NULL,
  PRIMARY KEY (vid, vishay_id),
  FOREIGN KEY (shikshak_id, vishay_id)
    REFERENCES shikshak (shikshak_id, vishay_id)
);
```

प्रायमरी कीमुळे एका मुलाला एका विषयाच्या दोन ओळी मिळत नाहीत. फॉरेन कीमुळे श३ च्या पुढे भौतिकशिवाय दुसरा विषय लिहिता येत नाही. शिक्षकांचा विषय त्यांच्या टेबलात आधीच नोंदता येतो, मुलगा येण्याची वाट पाहावी लागत नाही. "श३ भौतिक" अजून दोनदा लिहिलं जातं, पण ते चुकीचं लिहिलं जाऊ शकत नाही. परीक्षेत मात्र "बीसीएनएफपर्यंत न्या" म्हटलं असेल तर तोडायचंच, आणि खाली एक ओळ लिहायची: (विक्र, विषय) → शिक्षक ही डिपेंडन्सी जपली जात नाही. ती ओळ लिहिणाऱ्याला मी पूर्ण मार्क देते.

चौथा नॉर्मल फॉर्म आमच्या अभ्यासक्रमात नाही, आणि मामांच्या रजिस्टरमध्ये त्याची गरजही नव्हती. एका मुलाचे छंद आणि त्याच्या भाषा अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन याद्या एकाच टेबलात ठेवल्या असत्या, तर तो लागला असता.

तिचं पान शेवटी चार ओळींचं राहिलं नाही, वहीचं पूर्ण पान भरलं. डावीकडे पाच बाण आणि दोन की, मधोमध प्रत्येक फॉर्मचं "काय बघायचं" आणि "कसं तोडायचं", उजवीकडे त्याच टेबलाचे होत गेलेले तुकडे. सर्वात खाली ओंकारची ती दुसरी ओळ, लाल पेनने.

पुढच्या आठवड्यात मी तिला नवं टेबल दिलं: ग्रंथालयाची देवघेव, त्यात सभासद, पुस्तक, लेखक, दिल्याची तारीख. तिने पेन उचललं नाही. आधी विचारलं, "मॅडम, एका पुस्तकाच्या दोन प्रती असतात का? आणि तोच सभासद तेच पुस्तक पुन्हा नेऊ शकतो का?"